कोषापासून लडीपर्यंत: एक किलो कोषांचं रेशीम घरी कसं काढायचं

मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली तसे कोष आता आपल्या आसपास मिळू लागले आहेत. जालन्यात २०१८ पासून कोषांची बाजारपेठ आहे, आणि बऱ्याच गावांत एखादा तरी शेतकरी कोष काढणारा सापडतो. हातमाग शिकणारे, टकळीवर सूत काढणारे, नैसर्गिक रंगाई करणारे असे बरेच जण मग हौसेनं किलोभर कोष घरी आणतात आणि तिथेच अडकतात. धागा निघत नाही. निघाला तर सुतळीसारखा कडक राहतो. तो मऊ करायला उकळावा, तर पातेल्यात कापसाचा गोळा उरतो. दुकानात ‘रॉ सिल्क’ म्हणून जे कापड हातात येतं, त्याचा आपल्या धाग्याशी काही संबंध लागत नाही, हा गोंधळ वेगळाच.

हे सगळे प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते म्हणजे रेशमाचा डिंक. अळी तोंडातून दोन अतिबारीक तंतू एकदम सोडते आणि त्यांच्यावर डिंकाचा थर चढवते. आतले तंतू फायब्रोइनचे, वरचा डिंक सेरिसीनचा. तुतीच्या रेशमात वजनाच्या साधारण पाव हिस्सा हा डिंकच असतो. गरम पाण्यात तो मऊ होतो, म्हणून कोष उलगडतो. गार झाला की पुन्हा चिकटतो, म्हणून अनेक कोषांचे तंतू मिळून एक धागा होतो. शेवटी तो काढून टाकला की चमक आणि मऊपणा येतो. डिंक केव्हा मऊ करायचा, केव्हा राखायचा आणि केव्हा घालवायचा, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

हे सगळं तुतीच्या, तेही पांढऱ्या दुबार, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या जातीच्या कोषांबद्दल आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागातला टसर कोष नुसत्या गरम पाण्याला दाद देत नाही. त्याला सोड्याच्या पाण्यात शिजवावं लागतं आणि त्याचं तंत्रही निराळं आहे. तो हाताशी असेल तर खालची मापं वापरू नका.

काय काय लागेल

- ताजे दुबार कोष, १ किलो
- स्टीलची दोन पातेली आणि एक पसरट परात. अॅल्युमिनियम नको, कारण सोडा त्याला खातो. लोखंड आणि तांबंही नको, डाग पडतात. ही भांडी परत स्वयंपाकाला घेऊ नका.
- १०० अंशांपुढे मोजणारा थर्मामीटर
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, सोनारकामाचा असतो तसा
- दीड मीटर घेराचं, हातानं फिरवायचं चौकटीचं चाक. गावातला सुतार करून देतो. एक आरी आत दुमडता येईल अशी ठेवायला सांगा, नाहीतर लडी उतरणार नाही.
- चिनी मातीचा किंवा काचेचा बारीक भोकाचा मणी आणि दोन हलक्या कप्प्या
- केरसुणीच्या शिंदीच्या काड्यांचा छोटा कुंचा
- साधा, रंग-सुगंध नसलेला साबण, धुण्याचा सोडा, थोडं पांढरं व्हिनेगर
- मऊ पाणी. बोअरचं जड पाणी साबणाशी मिळून पांढरट चिकट साका करतं आणि तो धाग्यावर बसतो. पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी घ्या.

१. कोष निवडणं

एका किलोत दुबार जातीचे साधारण ५५० ते ६०० कोष बसतात. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण त्या किलोत बहुतेक वजन आतल्या प्युपाचं, म्हणजे अळीचा पतंग होण्याआधीच्या जिवाचं असतं, आणि त्यात मुख्यतः पाणीच असतं. रेशमाचं कवच फार तर २०० ते २२० ग्रॅम.

कोष कानाशी धरून हलवा. आत काहीतरी खुळखुळलं पाहिजे. आवाज दबका आला आणि एका बाजूला डाग दिसला, तर प्युपा आत मरून कवचाला चिकटला आहे. असा कोष पाण्यात टाकला की सगळं पाणी तपकिरी करतो, तेव्हा तो बाजूला काढा. बोटांनी दाबल्यावर सहज चेपणारे पातळ कोष, टोकाला विरळ असलेले कोष, आणि अळ्या ज्यावर कोष विणतात त्या चंद्रिकेच्या पट्ट्यांचा ठसा उमटलेले कोषही वेगळे करा. नेहमीपेक्षा मोठा, बेढब कोष दिसला तर त्यात दोन अळ्यांनी एकत्र विणलेलं असतं. दोघींचे तंतू एकमेकांत अडकलेले असल्यानं त्यातून बारीक सलग धागा येत नाही. येतो तो जाडाभरडा, मधे मधे फुगलेला. त्यालाच डुपियन म्हणतात. हे जुळे कोष फेकू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा.

शेतकऱ्याला एकच प्रश्न न विसरता विचारा: अळ्या चंद्रिकेवर कधी सोडल्या? कोष विणायला सुरुवात झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पतंग कवचाला भोक पाडून बाहेर येतो. शेतकरी कोष पाच-सहा दिवसांनी उतरवतो, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम आठवडा असतो. एकदा भोक पडलं की त्या कोषाचा सलग तंतू मिळत नाही.

२. प्युपा मारणं आणि कोष वाळवणं

दोन-तीन दिवसांत सगळे कोष काढून होणार असतील, तर वाळवायची गरज नाही. ताजेच शिजवा. एका माणसाच्या हातानं किलोभर कोष इतक्या लवकर होत नाहीत, त्यामुळे निम्मे तरी वाळवावे लागतातच.

घरच्या ओव्हनमध्ये एका थरात पसरून सुरुवातीला १०५ ते ११० अंश ठेवा आणि हळूहळू उतरवत ६० अंशांवर आणा. पाच-सहा तास लागतात. मधे दार उघडून वाफ जाऊ द्या. १ किलोचे ४०० ग्रॅमच्या आसपास झाले की झालं. खात्रीसाठी एक कोष कापून प्युपा बोटांत चुरडा. कोरडा भुगा झाला पाहिजे. तेलकट ओल लागली तर तो अजून वाळायचा आहे, आणि तसाच डब्यात भरला तर बुरशी धरेल.

ओव्हन नसेल तर कोष कापडात बांधून उकळत्या पाण्याच्या वाफेवर वीस-पंचवीस मिनिटं धरा आणि मग सावलीत, वाऱ्यावर पसरून वाळवा. उन्हात वाळवायचा मोह टाळा. ऊन तंतूला कमजोर करतं आणि डिंक असा आवळतो की पुढे कोष नीट उलगडत नाही.

३. शिजवणं: सगळं यश-अपयश इथेच

एका वेळी तीस-चाळीस कोषच घ्या. कोष पाण्यावर तरंगतात, म्हणून ते चाळणीत घालून वर दुसरी चाळणी दाबून बुडते ठेवा.

आधी ९५ अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं. कवचातली हवा प्रसरण पावून बुडबुड्यांनी बाहेर जाते. लगेच उचलून ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात एक मिनिट. आता आतली उरलेली हवा आकसते आणि कोष स्वतःच पाणी आत ओढून घेतो. मग पुन्हा ९५ अंशांत एक-दीड मिनिट. या गरम-कोमट-गरम फेऱ्यांमुळे पाणी कवचाच्या सर्व थरांत पोचतं आणि डिंक आतून-बाहेरून सारखा मऊ होतो. नुसतं दहा मिनिटं उकळलं तर बाहेरचा थर लगदा होतो आणि आतला कोरडाच राहतो.

कच्चं-पक्कं ओळखायला धागा ओढून बघावा लागतो. कमी शिजलेला कोष ओढल्याबरोबर पाण्यातून उडी मारून मण्यावर आदळतो आणि तंतू तुटतो. त्याला आणखी अर्धा मिनिट द्या. जास्त शिजलेल्या कोषातून एक तंतू न येता झुपके येतात आणि धाग्यात गाठी पडतात. यावर उपाय नाही, तो कोष कचऱ्यात, म्हणजे रेशमाच्या कचऱ्याच्या पिशवीत. त्या पिशवीचं पुढे काम आहे. पहिल्या खेपेला वेळ थोडा कमीच ठेवा, कारण कच्चा कोष सुधारता येतो.

४. टोक शोधणं

शिजलेले कोष परातीत ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात सोडा. कुंच्यानं वरून हलकं घुसळा. कोषाच्या बाहेरचा फुलोरा आणि पहिले विस्कटलेले तंतू काड्यांना चिकटतील. कुंचा उचलला की सगळे कोष जाळ्यानं लटकल्यासारखे मागे येतील. हे जाळं हातानं ओढत राहा. थोड्या वेळानं प्रत्येक कोषातून झुपक्याऐवजी एकेकच स्वच्छ तंतू येऊ लागतो. तिथे थांबायचं आणि वरचं जाळं तोडून कचऱ्याच्या पिशवीत टाकायचं.

नवशिके इथे दोन टोकांना जातात. काहीजण जाळं पूर्ण निघायच्या आधीच धागा ओढायला घेतात आणि गाठींनी हैराण होतात. काहीजण मूठ-मूठ चांगलं रेशीम ओढून टाकतात. प्रत्येक कोषावर एकच तंतू दिसला की हात आवरा.

५. धागा ओढणं

एका कोषाचा तंतू साधारण २.६ डेनियरचा असतो. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. कारखान्यात आठ कोष मिळून २० ते २२ डेनियरचा धागा काढतात. सुरुवातीला त्या नादी लागू नका. वीस कोष एकत्र घ्या, म्हणजे साधारण ५२ डेनियरचा धागा येईल. तो डोळ्यांना दिसतो, एखादा तंतू तुटला तरी अख्खा धागा तुटत नाही, आणि दुप्पट-अडीचपट लवकर काम होतं.

वीसही तंतू मण्याच्या भोकातून घ्या. मग धागा वरच्या कप्पीवरून खालच्या कप्पीवर आणा आणि चाकाकडे नेण्याआधी त्याच धाग्याच्या वर जाणाऱ्या भागाभोवती वीस-तीस वेढे द्या. हा वेढा काढून टाकावा असं प्रत्येकाला वाटतं, कारण तोच सारखा अडकतो. पण त्या पिळातून जाताना पाणी निथळतं, वीस तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि मऊ डिंक त्यांना गोल, सलग धाग्यात चिकटवतो. वेढा नसेल तर चाकावर चपटी, ओली फीत गोळा होते.

चाक सावकाश, पण न थांबता फिरवा. धागा एकाच जागी पडू देऊ नका. तो डावीकडून उजवीकडे सरकत राहिला पाहिजे. ओला डिंक शेजारच्या वेढ्याला चिकटतो आणि वाळल्यावर लडीची काठी होते. हात सरकवून हे जमतं, सुताराकडून सरकती दांडी करून घेतली तर आणखी बरं.

आता खरी मेख. कोषाचा तंतू सगळीकडे सारखा जाड नसतो. बाहेरचा भाग सुमारे तीन डेनियरचा, आतला दोनच्याही खाली. वीसही कोष एकदम सुरू केले तर सुरुवातीचा धागा जाड आणि शेवटचा बारीक, म्हणजे तुमची लडी निमुळती. म्हणून परातीत नेहमी वेगवेगळ्या टप्प्यांवरचे कोष हवेत: काही नवे, काही अर्धे, काही संपत आलेले. पहिल्या फेरीत आठ-दहा कोषांवर सुरुवात करून थोड्या थोड्या वेळानं बाकीचे जोडले की ही चढण आपोआप तयार होते. तो सुरुवातीचा पातळ धागा नंतर लडीतून वेगळा काढून टाका.

नवा कोष जोडायला गाठ लागत नाही. त्याचं टोक बोटात धरून मण्याच्या तोंडाशी, धावत्या धाग्याला टेकवायचं. डिंकच त्याला ओढून घेतो. कोष केव्हा बदलायचा हे कवच सांगतं. ते पारदर्शक होऊन आतला काळपट प्युपा स्पष्ट दिसू लागला की त्याची पाळी संपली. त्याच्यामागे उरलेली पातळ कातडीही पिशवीत जाते, आतला प्युपा मात्र वेगळा काढा. परातीतलं पाणी पिवळट गढूळ झालं की बदला, पण सगळं नाही. थोडा डिंक विरघळलेलं पाणी धागा चिकटायला मदत करतं.

पहिली लडी झाली की मोजा. चाक दीड मीटरचं असेल तर ३०० फेऱ्या म्हणजे ४५० मीटर. तेवढ्या धाग्याच्या ग्रॅममधल्या वजनाला २०नं गुणलं की डेनियर मिळतो. २.६ ग्रॅम भरलं तर ५२ डेनियर. २.१ भरलं, तर परातीत वीसऐवजी सोळाच कोष चालू होते आणि तुमचं लक्ष नव्हतं.

किलोभर कोषांचा हिशेब असा: चांगला कारखाना साडेसहा किलो दुबार कोषांतून एक किलो धागा काढतो, म्हणजे किलोमागे दीडशे ग्रॅम. हातानं १२० ग्रॅम निघाले तर उत्तम समजा. ५२ डेनियरनं ते वीस किलोमीटरच्या पुढे जातं. बाकी साठ-सत्तर ग्रॅम कचऱ्याच्या पिशवीत आणि थोडा डिंक पाण्यात गेलेला असतो.

हातात आलेल्या या कडक, फिक्या, किंचित खरखरीत धाग्यालाच कच्चं रेशीम म्हणायचं.

६. आधी पीळ, मग डिंक

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. हा धागा सूत कातल्यासारखा पिळलेला नाही. वीस कोषांचे तंतू फक्त डिंकानं जोडलेले आहेत. तो तसाच साबणात उकळला तर जोड सुटतात आणि शेकडो मीटर मोकळे तंतू एकमेकांत गुंततात. सुरुवातीला म्हटलेला कापसाचा गोळा असाच होतो.

म्हणून दोन-तीन कच्चे धागे एकत्र घेऊन चरख्यावर किंवा टकळीवर पीळ द्या. बाण्याला मीटरमागे शंभराच्या आसपास पीळ पुरतो. ताण्याचा धागा फणीत घासतो, त्याला तीनशेच्या पुढे लागतो. पीळ देताना डिंक तंतूंना सांभाळतो, म्हणूनच हा क्रम उलटा करता येत नाही. पीळ दिलेला धागा पुन्हा लडीत घ्या आणि चार ठिकाणी सुती दोऱ्यानं इंग्रजी आठच्या आकड्यात सैल बांधा. घट्ट बांधलं तर त्या जागचा डिंक निघत नाही आणि रंगवताना तिथे पट्टे उमटतात.

७. डिंक काढणं

डिंक धाग्यातच का काढायचा, हे येवल्याच्या किंवा पैठणच्या मागावर लगेच समजतं. पैठणीत जरीचं काम असतं. विणून झालेलं कापड सोडा-साबणात तासभर उकळलं तर जरीची वाट लागेल. त्यामुळे रेशीम आधी उकळून, रंगवून मगच मागावर चढतं. आणि डिंक अर्धवट राहिला तर रंग दगा देतो. सेरिसीन आणि फायब्रोइन रंग सारखा घेत नाहीत, त्यामुळे जिथे डिंक उरला तिथे छटा वेगळी दिसते.

सगळीकडे मात्र डिंक धाग्यातच काढत नाहीत. क्रेप, जॉर्जेट, शिफॉन कच्च्या, भरपूर पिळाच्या धाग्यानं विणून मग कापड उकळतात. डिंक सुटला की दाबून ठेवलेला पीळ मोकळा होतो आणि कापडावर ती बारीक सुरकुती उठते. ऑर्गेंझातला डिंक मुद्दाम ठेवतात, म्हणून ते पारदर्शक असूनही ताठ उभं राहतं.

आता आपली ४० ग्रॅमची लडी घेऊ. आधी ती दिवसभर खोलीत मोकळी टांगून मग वजन करा. रेशीम हवेतली ओल धरून ठेवतं आणि पावसाळ्यात हे वजन चांगलंच फसवतं. उकळल्यानंतरचं वजनही त्याच खोलीत, तितकंच टांगून घ्यायचं.

१.६ लिटर मऊ पाणी, १० ग्रॅम किसलेला साबण, दीड ग्रॅम धुण्याचा सोडा. साबण पूर्ण विरघळल्यावर लडी कोमट पाण्यात भिजवून आत सोडा. तापमान ९० ते ९५ अंशांवर, पाऊण तास. पाणी खळखळून उकळू देऊ नका, उसळीनं लडी गुंतते. दर पाच-सात मिनिटांनी लडी काठीवर उचलून फिरवा. मग दुसरं पाणी, निम्म्या साबणाचं, सोड्याशिवाय, वीस मिनिटं. पहिल्या पाण्यात डिंक इतका साचतो की त्यातच जास्त वेळ ठेवून फारसं काही निघत नाही.

सोडा डोळ्यांच्या अंदाजानं टाकू नका. तंतू स्वतः प्रथिनच आहे, त्यामुळे अल्कली वाढली की डिंक संपवून ती तंतूलाच खायला लागते. कॉस्टिक सोड्याला तर हातही लावू नका. कपडे धुण्याची पावडरही चालणार नाही. तिच्यात बऱ्याचदा प्रथिनांचे डाग खाणारी एन्झाइम्स असतात.

धुताना थेट नळाखाली धरायची घाई नको. गार पाण्यात सुटलेला डिंक आणि साबण धाग्यावरच परत बसतात. आधी चिमूटभर सोडा घातलेलं ६० ते ७० अंशांचं पाणी, मग कोमट, मग गार. शेवटच्या पाण्यात लिटरमागे दोन चमचे व्हिनेगर. लडी मुठीत दाबल्यावर येणारी ती करकर या आंबट पाण्यामुळे येते. अनेकजण तिला अस्सल डिंकाची खूण समजतात, पण डिंक तर गेलेला असतो.

४० ग्रॅमची लडी २९ ते ३१ ग्रॅमवर आली पाहिजे. ३४ भरली तर डिंक राहिला आहे, पुन्हा अर्धा तास द्या. २८च्या खाली गेली आणि धाग्यावर पांढरी बारीक लव दिसू लागली, तर तंतू फाटायला लागला आहे. तो धागा ताण्याला वापरू नका. १२० ग्रॅम कच्च्या रेशमाचे शेवटी नव्वदच्या आसपास उरतात, हे मनाशी धरूनच कोष घ्या.

८. कचऱ्याच्या पिशवीचं काय

फुलोरा, जाळं, आतली कातडी, फसलेले कोष, भोक पडलेले कोष: हा सगळा माल रेशीमच आहे, फक्त तंतू तुटका. स्पन सिल्क याच मालाचं होतं. पतंगाला बाहेर जाऊ देऊन जे ‘अहिंसा’ रेशीम करतात, तेही भोक पडलेल्या कोषांमुळे बहुतेक याच वाटेनं जातं.

इथे पीळ देण्याचा प्रश्न नाही, म्हणून डिंक आधीच काढायचा. जुने प्युपाचे तुकडे वेचून टाका, माल जाळीदार पिशवीत भरून वरच्याच मापानं साबणात शिजवा, धुवा, वाळवा. साठ-सत्तर ग्रॅमचे पन्नासच्या आतबाहेर उरतील.

गिरणीत पुढे हे तंतू विंचरतात. लांब तंतू एकमेकांना समांतर होऊन वेगळे निघतात आणि त्यांचं जे सूत कातलं जातं ते स्पन सिल्क. कंगव्यात अडकून मागे राहिलेले आखूड, गुंतलेले तंतू म्हणजे नॉइल. त्यांचंही सूत होतं, पण बारीक गाठींचं, विनाचमकीचं, आणि मधूनमधून कोषाचे काळे कण दिसणारं. नॉइल म्हणजे स्पन सिल्क करताना मागे उरलेला माल, एवढं कळलं की दोघांच्या किमतीतला फरकही कळतो.

घरी हातपिंजणीनं सगळंच पिंजून सूत काढलं, तर त्यात लांब आणि आखूड दोन्ही राहतात. हाताला लागणारं सूत नॉइलच्या जवळ जातं. स्पन सिल्क हवं असेल तर पिंजल्यावर लोखंडी दातांच्या कंगव्यानं विंचरायलाच हवं. जे हातात ओढलं जातं ते एका टोपलीत, कंगव्यात उरतं ते दुसऱ्या.

९. दुकानात काय हातात आहे ते ओळखणं

जाळून बघायचा उपाय इथे उपयोगी नाही. कच्चं, स्पन, नॉइल तिन्ही जळताना केस जळल्याचा वास येतो आणि चुरडणारी काळी राख पडते. पॉलिस्टर तेवढं पकडलं जातं.

कापडाच्या कडेचा एक धागा सोडवा आणि त्याचा पीळ उलगडून दोन्ही बाजूंनी हळू ओढा. सलग तंतूंचा धागा ताणला जाऊन एकदम तुटतो. स्पनचा धागा न तुटता सरकत सुटतो, कारण त्यात काही सेंटीमीटर लांबीचे तुकडेच आहेत. नॉइल त्याहून लवकर सुटतो आणि टोकाला पिंजलेली लव राहते.

डिंक आहे की नाही ते स्पर्शानं कळतं. कच्च्या धाग्याचं कापड कागदासारखं ताठ असतं, चमक दबलेली असते. शंका असेल तर एक छोटा तुकडा साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा. मऊ पडून चमकू लागला तर त्यात डिंक होता.

‘रॉ सिल्क’ ही पाटी मात्र वाचूच नका. तिच्याखाली कधी नॉइल विकतात, कधी डुपियन, कधी चक्क पॉलिस्टर. कापडावर आडव्या फुगीर रेघा असतील आणि चमक असेल तर डुपियन, ते जुळ्या कोषांचं. मंद, सुतीसारखं, ठिपक्यांचं असेल तर नॉइल. डिंकासकटचं खरं कच्चं रेशीम कुर्त्याच्या कापडात फारसं दिसत नाही, कारण ते अंगाला बोचतं.

तुमच्याकडच्या तिन्ही सुतांची कामं वाटून द्यायची झाली तर ओढून काढलेला, पिळाचा, डिंक काढलेला धागा ताण्याला ठेवा. स्पन बाण्याला, शालीला छान. ते उबदार असतं, पण घासलं की त्यावर गोळे येतात. नॉइल ताण्याला लावू नका, फणीत तुटून तुटून जीव खाईल. बाण्याला जाड घाला, आणि नैसर्गिक रंग करणार असाल तर पहिला प्रयोग त्याच्यावरच करा. तिन्हींत स्वस्त माल तोच, आणि त्याच्या गाठींवर रंगाचा कमी-जास्तपणा खटकत नाही.